खर्च वाढला तरी उत्पन्न तिथंच : तरत्या विनिमय दरात सरकारचा पैसा जातो कुठं?

वैशाली_राजारामपुरी
एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. देश छोटा, विनिमय दर तरता, परदेशी भांडवलाला येण्याजाण्याची पूर्ण मोकळीक. अशा देशात सरकारने खर्च वाढवला तरी उत्पन्न जराही वाढत नाही, असं मुंडेल आणि फ्लेमिंग या अर्थतज्ज्ञांच्या मॉडेलचं उत्तर आहे. थोडं वाढतं म्हटलं असतं तर पटलं असतं. पूर्ण शून्य कसं? माझ्या मते गणित जमावं म्हणून केलेली ही सोय आहे. तुमचं काय मत?

पंचगंगाकाठ
शून्यच बरोबर आहे. सरकार कर्ज काढतं, व्याज चढतं, चढलेल्या व्याजाने कारखानदार कर्ज घ्यायचं टाळतो. सरकारने जेवढं उचललं तेवढं खासगी गुंतवणुकीतून गेलं. परदेशी पैसा आत येऊन चलन महाग होतं, तो आणखी वेगळा फटका. सरकारी खर्च म्हणजे या खिशातलं त्या खिशात, हे मी कायम सांगत आलोय.

फौंड्रीवाला_शिरोली
मला पुस्तकातलं काय कळत नाही, पण हा फटका मी खाल्लाय. २०२२ च्या फेब्रुवारीत युरोत कास्टिंगची ऑर्डर घेतली, तेव्हा युरो ८५ च्या आसपास हुता. बँकेतला माणूस म्हणाला फॉरवर्ड करून दर आत्ताच कशाला बांधताय, दर वरच जाणार. जुलैत पैसे आले तेव्हा युरो ८० च्या घरात. लाख युरोच्या बिलावर साडेचार लाख गेले. बजेटमध्ये सरकारनं रस्त्यांवर एवढा खर्च काढला म्हणून रुपया वधारला आणि आमी मेलो. वैशालीताई, हेच ते न्हवं का?

काका_ताराबाईपार्क
एका बँकेच्या परकीय चलन विभागात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फौंड्रीवाले दादा, तुमचं नुकसान खरं आहे, कारण मात्र दुसरं. त्या वर्षी रुपया वधारला नव्हता. जुलै २०२२ मध्ये डॉलर ८० रुपयांपर्यंत गेला होता, म्हणजे रुपया उलट घसरतच होता. युरो त्याहून जोरात पडला, डॉलरच्या बरोबरीला आला, म्हणून तुम्हाला कमी मिळाले. त्यात आपल्या बजेटचा हात नाही. शिवाय आपला देश वैशालीच्या प्रश्नातला देशच नाही. रिझर्व्ह बँक डॉलर घेते, विकते. सरकारी रोख्यांत परदेशी पैसा किती यावा यावर बऱ्याच रोख्यांना अजून मर्यादा आहेत.

पंचगंगाकाठ, तुमचं अर्धं बरोबर. पैसा आत येतो आणि चलन महाग होतं, इथपर्यंत मान्य. पण गुंतवणूक कशी मरेल? भांडवलाला पूर्ण मोकळीक असेल तर व्याज जगाच्या दराला चिकटलेलं असतं. ते वर जायला बघतं तोच बाहेरचा पैसा येऊन त्याला खाली दाबतो. व्याज होतं तिथंच राहिलं तर कारखानदाराने कर्ज का टाळावं? या गोष्टीत मरते ती निर्यात.

आता वैशाली, शून्य कुठून येतं ते बघ. लोक हाताशी किती पैसा ठेवतात हे दोन गोष्टींवर ठरतं : व्यवहार किती आणि व्याज किती. व्याज जगाने ठरवून दिलं. पैशाचा साठा मध्यवर्ती बँकेच्या हातात आहे, आणि दर तरता सोडल्यामुळे ती डॉलर विकत घेत नाही, म्हणून तो साठाही वाढत नाही. मग तेवढ्या साठ्यावर किती उत्पन्न चालेल याचा एकच आकडा उरतो. सरकारने काहीही केलं तरी तो आकडा हलत नाही, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

वहीत मांड. उत्पन्न ६००, कर १००. लोकांचा खर्च म्हणजे २५ अधिक हातात उरलेल्या ५०० चा पाऊण हिस्सा, म्हणजे ४००. गुंतवणूक १००, सरकारी खर्च १००, निर्यात आणि आयात सारखी. बेरीज ६००. पैशाची मागणी उत्पन्नाच्या निम्मी, त्यातून व्याजाच्या दर टक्क्याला २० वजा. व्याज ५ टक्के, म्हणून ३०० मधून १०० गेले, राहिले २००. साठाही २००. डॉलर ५० ला, आणि चलन एका रुपयाने वधारलं की निव्वळ निर्यात २ ने घटते असं धर.

सरकारने खर्च १२० केला. मागणी वाढली, लोकांना जास्त पैसा हवासा झाला, व्याजावर दाब आला, बाहेरचा पैसा घुसला, डॉलर ५० वरून उतरायला लागला. ४५ वर थांबेल का? तिथं निर्यात १० ने घटलेली असते, पण सरकारने २० वाढवलेत. अजून १० जास्तीची मागणी शिल्लक, म्हणून व्याजावरचा दाब शिल्लक, म्हणून पैसा येतच राहतो. ४० वर निर्यात २० ने घटते आणि दाब संपतो. आता बेरीज कर : ४०० अधिक १०० अधिक १२० वजा २०. पुन्हा ६००.

हाच देश ५० चा दर धरून ठेवायचं ठरवता तर? येणारा प्रत्येक डॉलर मध्यवर्ती बँकेला विकत घ्यावा लागला असता, त्याबदल्यात आपलं चलन सोडावं लागलं असतं. साठा २०० चा २४० होतो आणि उत्पन्न ६८० वर जातं. खर्च तोच २० चा. दोन उत्तरांमधला सगळा फरक त्या ४० मध्ये आहे. चाललं ते धोरण खर्चाचं दिसतं, पण त्याला चालवणारा तो जादा छापलेला पैसा.

ही नुसती गणिताची सोय नव्हती. मुंडेल कॅनडाचे, आणि कॅनडाचा डॉलर १९५० ते १९६२ तरता होता. शेजारी अमेरिकेचा एवढा मोठा पैशाचा बाजार. तिथल्या माणसाला व्याज बाहेरून ठरतं हे रोज दिसत होतं.

सूतवाला_इचलकरंजी
काका, वही छान आहे, पण ब्रिटनचं काय? सरकारने २३ सप्टेंबर २०२२ ला ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, कर्ज काढून. तुमच्या हिशोबाने पौंड वधारायला हवा. २६ तारखेला तो १.०४ डॉलरच्याही खाली गेला, आजवरचा नीचांक. ज्या सिद्धांतात चलन चढायला पाहिजे तिथं ते पडलं, तर तो सिद्धांत शिकवायचाच कशाला?

मीनल_मॅडम_कागल
सूतवाले, तुमचा दाखला चुकीचा नाही, पण तो कशाविरुद्ध आहे ते बघा. व्याज जगाएवढंच राहतं याचा अर्थ देणाऱ्याच्या लेखी ब्रिटनचा रोखा आणि दुसऱ्या देशाचा रोखा सारखाच भरवशाचा. त्या आठवड्यात तो भरवसाच गेला. ब्रिटिश रोख्यांवरचं व्याज झपाट्याने चढलं, तरी पैसा आत आला नाही, कारण ते जादा व्याज धोक्याची भरपाई होती. पेन्शन फंडांवर रोखे विकायची वेळ आली आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला खरेदीला उतरावं लागलं. व्याज चढतंय आणि चलनही चढतंय तर काकांची गोष्ट चालू आहे. व्याज चढतंय आणि चलन पडतंय तर भरवशाची गोष्ट चालू आहे. बातमी वाचताना एवढा फरक बघायचा.

गंमत अशी की काकांच्याच वहीत धोक्यापोटी व्याज ५ चं ६ करून बघा. लोक हाताशी पैसा कमी ठेवतात आणि त्याच २०० च्या साठ्यावर उत्पन्न ६४० येतं.

काका_ताराबाईपार्क
मॅडम, वहीत येतं खरं. पण व्याज चढल्यावर गुंतवणूक घटणार, ती भरून काढायला चलन बरंच पडावं लागणार. पडलेल्या चलनाने आयात महागणार, आणि किंमती चढल्या की तोच साठा अपुरा पडणार. तो ६४० मी प्रत्यक्षात धरणार नाही.

मीनल_मॅडम_कागल
धरू नका. पण मग हाच न्याय तुमच्या शून्यालाही लावा. तुमचं चलन ५० वरून ४० वर वधारलं आणि बाजारातली एकही किंमत उतरली नाही, असं कसं चालेल? लोकांच्या खरेदीतला तिसरा हिस्सा आयातीचा असेल तर डॉलर उतरला की तो हिस्सा स्वस्त होतो. तेवढ्याच पैशात जास्त व्यवहार होतात. मी हिशोब केला : डॉलर ४० ला पोचायच्या आधीच, ४२.६ च्या आसपास थांबतो, किंमती साधारण ५ टक्के उतरतात, आणि उत्पन्न ६२१ च्या जवळ जातं. निर्यात २० ऐवजी १५ च्या आसपास घटते. वैशालीला वाटलेलं 'थोडं वाढतं' ते हेच, आणि ते तिने आयातीच्या हिश्शासकट मांडावं.

दुसरी अट खर्च कायमचा असण्याची. दोन वर्षांनी खर्च बंद होणार हे सगळ्यांना माहीत असेल, तर चलन पुन्हा पडणार हेही माहीत असतं. मग ते नुकसान भरून निघेल एवढं जादा व्याज मिळाल्याशिवाय बाहेरचा माणूस इथं पैसा ठेवणार नाही. व्याज जगापेक्षा वर राहिलं की शून्य पुन्हा मोडतं.

पंचगंगाकाठ
म्हणजे गुंतवणुकीबद्दल मी चुकलो, ठीक आहे. पण निर्यातदाराच्या ताटातलं काढून ठेकेदाराला दिलं हे तरी खरं ना? उत्पन्न ६०० असो की ६२१, शिरोलीचं काम गेलं आणि रस्त्याचं वाढलं. माझा विरोध त्यालाच.

वैशाली_राजारामपुरी
काका, तो ४० चा फरक बघितल्यावर शून्य कळलं, धन्यवाद. माझी 'सोय' मागे घेते. पण मॅडमच्या ६२१ ने पुन्हा अडकले. चलन वधारल्यावर किंमती खरंच उतरतात का? डॉलर महागला की आपल्याकडे तेलाचा डबा आठवड्यात महागतो. स्वस्त झाल्यावर तेवढ्याच वेगाने उतरलेला मी पाहिलेला नाही.

काका_ताराबाईपार्क
माझाही आक्षेप तिथंच आहे. दुकानदाराने फायदा स्वतःकडे ठेवला तर किंमती उतरत नाहीत आणि आकडा ६०० कडे सरकतो. मॅडमचा हिशोब किंमती लगेच, पूर्ण उतरतात असं धरून आहे.

मीनल_मॅडम_कागल
किराण्याच्या दुकानात उशीर होत असेल, मान्य. कच्च्या मालात तेवढा होत नाही. फौंड्रीवाले सांगू शकतील.

फौंड्रीवाला_शिरोली
बाहेरचं स्क्रॅप आमी पण घेतो. डॉलर खाली आला तर स्क्रॅपवाला म्हणतो, हा माल जुन्या दराचा हाय. नवा कंटेनर लागला की मग उतरवतो, म्हंजे महिना-दीड महिना धरा. पण उतरवतो, कारण न्हाई उतरवला तर मी शेजारच्याकडून घेतो. आणि माझं कास्टिंग घेणारा पण तेच करतो बघा, स्क्रॅप उतरलं की त्याच महिन्यात रेट कमी करा म्हणून मेल येतो.