सिझर झालेलं नसताना गर्भाशय फाटलं, उद्या सकाळी ऑडिट आहे. मदत हवी

रात्रपाळी_निवासी
उद्या नऊला केस मांडायची आहे आणि पहिला प्रश्न एकच येणार: आधी का कळलं नाही? चौथी खेप, आधीच्या तिन्ही नॉर्मल, पोटावर एकही टाका नाही, दिवस भरलेले. दुपारी २.१० ला ती एकदम किंचाळली आणि पाचेक मिनिटांत कळा थांबल्या. बाळाचे ठोके ७०. खालून रक्त जवळजवळ नाही, बीपी ११०/७०. आम्ही वार सुटली असं धरलं. पोट उघडलं तर गर्भाशय डाव्या कडेने फाटलेलं, बाळ आणि वार दोन्ही पोटात. बाळ गेलं, आई सावरते आहे. व्रण नसलेलं गर्भाशय फाटणं इतकं दुर्मीळ, आम्हाला कसं सुचणार होतं? 'पुस्तक वाचा' नको, वेळ नाही.

जुनी_सुईण
ड्रिप चालू होती का? किती सेंटिमीटरवर किती तास अडकली होती? डोकं कुठे होतं? नाडी किती? कॅथेटरमध्ये काय आलं? बीपी लिहिलंत आणि नाडी सोडलीत, यातच अर्धं उत्तर आहे.

सोनो_प्रेमी
३६ आठवड्यांनंतर खालच्या भागाची जाडी मोजली असती तर आधीच कळलं असतं. मी प्रत्येक केसमध्ये मोजतो.

टाके_आणि_गाठी
सोनोसाहेब, ती जाडी व्रण असलेल्यांची मोजतात. इथे व्रणच नाही. आणि व्रण असला तरी किती मिलिमीटरखाली फाटेल यावर एकमत नाही.

रात्रपाळी_निवासी
ड्रिप होतीच की, कळा वाढवायलाच लावली होती. ४० थेंबांवर. सकाळी १० ला ८ सेंमी, दीडला पुन्हा ८. डोकं वरच, टाळूवर सूज भरपूर. कळा दहा मिनिटांत सहा. नाडी १२८. कॅथेटर सव्वादोनला टाकला, लघवी लालसर. आणखी काय हवंय?

जुनी_सुईण
म्हणजे हे 'अचानक' नव्हतं. साडेतीन तास एकाच जागी, डोकं वर, टाळूला सूज, दहा मिनिटांत सहा कळा, वर ड्रिप. बाळ अडलेलं आहे हे दीडलाच दिसत होतं. पहिलटकरणीचं गर्भाशय अडलं की बहुतेक वेळा दमून कळा मंदावतात. तीन-चार बाळंतपणं झालेलं गर्भाशय थांबत नाही, ते जोर लावत राहतं. वरचा भाग जाड होतो, खालचा ताणून पातळ होतो आणि त्यांच्यामधली खाच पोटावर आडवी दिसू लागते. ती खाच वर सरकत असेल तर फाटायला फार वेळ उरलेला नसतो. दीडला पोटाकडे कुणी पाहिलं होतं का?

रात्रपाळी_निवासी
नोंद नाही.

जुनी_सुईण
मग ऑडिटमध्ये 'नोंद नाही' असंच सांगा. 'नव्हती' म्हणू नका.

होणारा_बाबा
माफ करा, मध्येच विचारतो. बायकोचं पहिलं बाळंतपण सिझरने झालंय, आता आठवा महिना. डॉक्टर नॉर्मलचा प्रयत्न करू म्हणतात. हे वाचून झोप उडाली. आपणच सिझर मागावं का?

टाके_आणि_गाठी
तुमची गोष्ट वेगळी आहे. खाली आडवा एकच छेद असेल आणि कळा आपोआप आल्या तर फाटण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. वरून उभा छेद असेल तर कित्येक पटींनी जास्त, तिथे प्रयत्नच करत नाहीत. दोन गोष्टी नक्की विचारा: जुन्या कागदात छेद कसा लिहिला आहे, आणि तिथे चोवीस तास ओटी व भूलतज्ज्ञ हजर असतात का. मागच्या सिझरला किती महिने झाले तेही सांगा, दीड वर्षाच्या आत असेल तर धोका वाढतो. पुढचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, नाहीतर हा धागा भरकटेल.

मूलभूत_शंका
निवासी डॉक्टरांचा मुद्दा मला पटतो. व्रण असेल तरच फाटतं, बाकी सगळं अपवाद. चौथ्या खेपेला ड्रिप सगळेच लावतात.

जुनी_सुईण
लावतात, म्हणूनच फाटतं. व्रण नसेल तर फाटणं क्वचित, हे खरं. पण फाटतं तेव्हा बरेचदा जास्त वाईट फाटतं. खालच्या छेदाचा व्रण उघडला तर तिथे रक्तवाहिन्या कमी, कधीकधी नुसता थर सुटतो आणि सिझर करतानाच लक्षात येतो. व्रण नसलेलं गर्भाशय कडेने फाटलं तर गर्भाशयाची मुख्य धमनीच तुटते आणि रक्त बाजूच्या पडद्यात साठत जातं. म्हणूनच खालून काही दिसलं नाही. बाहेर पेलाभर आणि आत दोन लिटर, असं होतं.

रात्रपाळी_निवासी
पण बीपी ११०/७० होतं! मी स्वतः घेतलं.

भूल_आणि_जाग
नाडी १२८ ला बीपी ११०, म्हणजे भागाकार १.१६. बाळंतिणीत ०.९ च्या वर गेला की रक्त जातंय असं धरायचं. तरुण बाई बीपी शेवटपर्यंत धरून ठेवते, मग एकदम कोसळते. नाडी बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेली की माझ्या लेखी ती धोक्यात आहे, पॅड कोरडं असो की ओलं. वार सुटण्यात गर्भाशय लाकडासारखं टणक लागतं. तुमच्या बाईचं कसं लागत होतं?

रात्रपाळी_निवासी
मऊ. आकारही वेगळा वाटला. आणि हो, पुन्हा तपासलं तेव्हा डोकं बोटाला लागेना, आधी लागत होतं. ते बाळ वळलं असावं असं वाटलं.

जुनी_सुईण
निदान तिथेच झालं होतं. खाली आलेलं डोकं परत वर गेलं, कळा थांबल्या, ठोके पडले, लघवी लाल. या चारांतली दोन जरी एकत्र दिसली तरी ओटीकडे धावायचं. आठ सेंटिमीटरवर अडलेल्या बाळाचं डोकं आपोआप मागे जात नाही. पोटातून हात-पाय अगदी कातडीखाली लागले का तेही पाहायचं.

टाके_आणि_गाठी
एक दुरुस्ती. 'कळा थांबतात' यावर विसंबू नका. व्रण फाटतो तेव्हा कळा आलेखावर कित्येकदा तशाच चालू दिसतात. तिथे सगळ्यात आधी बोलतात ते बाळाचे ठोके: कळेबरोबर खाली जाणं, मग सावरायला उशीर, मग खालीच राहणं. दोन कळांच्या मधल्या वेळात दुखणं हेही लक्षण. कमरेतली भूल दिली असेल आणि मध्येच पुन्हा पुन्हा डोस मागत असेल तर 'भूल लागली नाही' असं म्हणून सोडू नका.

रात्रपाळी_निवासी
कळा थांबल्या म्हणून आम्ही २.१८ ला ड्रिप ५० थेंबांवर नेली. सांगायचं राहिलं. २.३० ला बंद केली. २.३० ते २.४० सोनोग्राफीची वाट पाहिली. २.५२ ला बाळ बाहेर.

जुनी_सुईण
आता कळलं. ही चूक अनेक ठिकाणी होते, फक्त तुमच्याकडे नाही. कळा थांबलेल्या बाईची ड्रिप वाढवायची नाही, आधी का थांबल्या ते पाहायचं. अशा वेळी वाढवलेली ड्रिप फाटलेलं आणखी फाडते.

टाके_आणि_गाठी
२.१५ ते २.५२ म्हणजे ३७ मिनिटं. ठोके खाली गेल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतची वेळ मोजा, 'निर्णय घेतल्यापासून'ची नव्हे. १९९३ च्या एका अभ्यासात ठोके पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत निघालेली बाळं बहुतेक नीट होती, त्यापुढे नुकसान वाढत गेलं. अर्थात ती व्रणाची प्रकरणं होती, आणि बाळ वारेसकट पोटात गेलं तर १८ मिनिटंही फार झाली. सोनोग्राफीची दहा मिनिटं मात्र नक्कीच वाचली असती. संशय पक्का असेल तर निदान पोट उघडूनच करायचं.

रात्रपाळी_निवासी
मग पुढच्या वेळी नेमकं आधी काय? मला क्रम हवा आहे.

भूल_आणि_जाग
ड्रिप बंद, हाक मारून माणसं जमवा, आणि ओटीकडे निघा. बाकी सगळं चालता चालता. दोन मोठ्या सुया, १६ नंबरच्या, त्यातूनच क्रॉसमॅचचं रक्त काढा आणि चार पिशव्या मागवा. तातडीचं रक्त म्हणून ओ निगेटिव्ह लागलं तर मागायला लाजू नका. ऑक्सिजन, बाई डाव्या कुशीवर. ट्रानेक्झामिक आम्ल १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत. रक्त जात असताना पाठीतली भूल नको, ती बीपी पाडते. पूर्ण भूलच.

टाके_आणि_गाठी
सहमत, पण सुई लागेना म्हणून ओटी थांबवू नका, दुसरी सुई टेबलावर लागेल. पोट उभ्या छेदाने उघडा, जागा मिळते. आधी बाळ, मग वार, मग गर्भाशय बाहेर काढून मागची बाजू आणि दोन्ही कडा बघा, कारण एक फाट सापडली की दुसरी शोधायची राहून जाते. कडांना ग्रीन-आर्मिटेज लावा, रक्त थांबत नसेल तर मदतनीसाला महाधमनी मुठीने दाबू द्या. कडेची फाट शिवण्याआधी मूत्रवाहिनी शोधा, ती गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयाच्या तोंडापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर जाते आणि साकळलेल्या रक्तात सहज टाक्यात अडकते. लघवी लाल होती म्हणजे मूत्राशयही तपासायचं.

मूलभूत_शंका
चौथं बाळ, मग सरळ गर्भाशय काढून टाकायचं. शिवण्यात वेळ कशाला?

टाके_आणि_गाठी
कडा चिंध्या झाल्या असतील किंवा रक्त थांबत नसेल तर वरचा भाग काढणं लवकर होतं, मीही तेच करेन. कडा स्वच्छ असतील तर शिवणं कमी वेळात होतं. मुलं किती यावर ते ठरत नाही.

भूल_आणि_जाग
टेबलावर अर्धा तास शिवत बसलेलेही पाहिलेत. वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही तर काढा.

टाके_आणि_गाठी
घड्याळ लावून ठरवता येत नाही ते. आपलं यावर जमणार नाही, सोडून देऊ.

रात्रपाळी_निवासी
जुने कागद आत्ता मिळाले. चार वर्षांपूर्वी अर्धवट गर्भपातानंतर क्युरेटिंग. 'गुंतागुंत नाही' असं लिहिलंय. म्हणजे व्रण होता का?

जुनी_सुईण
'टाका नाही' लिहिताना हे विचारायचं असतं. क्युरेटिंगमध्ये भोक पडलं असेल, दुर्बिणीने गाठ काढली असेल, तर पोटावर काहीच न दिसता गर्भाशयावर व्रण असतो.

टाके_आणि_गाठी
असतो. पण भोक पडलं तर बरेचदा वरच्या भिंतीत पडतं आणि ही फाट खालून कडेने गेली आहे. मला अडलेलं बाळ आणि ड्रिप जास्त पटतं. भोक नव्हतंच, असं मात्र कागदावरून म्हणता येणार नाही.

भूल_आणि_जाग
एक राहिलं. ४० थेंब म्हणता, पण ५०० मिलीत ऑक्सिटोसिनचे किती युनिट घातले होते? ५ घातले तर मिलीत १० मिलियुनिट, आणि २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला २० मिलियुनिट. १० घातले तर ४०, म्हणजे चौथ्या खेपेला फारच जास्त.

रात्रपाळी_निवासी
बाटलीवर १० लिहिलंय. सेट किती थेंबांचा ते बघावं लागेल.