मदत हवी आहे: मुलाच्या लघवीत प्रोटीन २+

मुग्धा_नाशिक: मुलगा १४ वर्षांचा. क्रीडा प्रबोधिनीच्या फॉर्मसाठी तपासणी केली, तर अल्ब्युमिन २+ आलं. पुन्हा केली, तरी २+. बायोप्सी लागते का? शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचाय, लवकर सांगा.

रानवारा: माझ्या वडिलांनाही असंच होतं, शुगरमुळे. मीठ बंद करा, जवाचं पाणी द्या.

डॉ_बालरोग: थांबा. दोन्ही नमुने किती वाजता दिले? आधी सराव झाला होता का? लघवीत रक्त, अंगावर सूज, बीपी?

मुग्धा_नाशिक: दोन्ही वेळा संध्याकाळी, सरावाहून येताना. रक्त नाही, सूज नाही. बीपी बघितलंच नाही.

धावपटू४२: मग सरावामुळेच! मॅरेथॉननंतर मलाही आलं होतं. दोन दिवस विश्रांती, विषय संपला.

डॉ_बालरोग: अर्धं बरोबर आहे. व्यायामामुळे आलेलं प्रोटीन २४ ते ४८ तासांत जातं. पण या वयात बऱ्याच मुलांना नुसतं उभं राहिल्या-फिरल्यानेही प्रोटीन जातं आणि आडवं झालं की थांबतं. ते विश्रांतीच्या दिवशीही संध्याकाळी दिसेल. म्हणून दोन दिवस सराव बंद ठेवून रात्रीची आणि दिवसाची लघवी वेगळी तपासा.

सतीश_क: सरळ २४ तासांची करा की.

डॉ_बालरोग: एकाच बाटलीत जमवली तर एकूण किती गेलं एवढंच कळतं, कधी गेलं ते नाही. मुग्धाताई, असं करा. रात्री नऊला त्याला आडवं होऊ द्या. दहाला उठून लघवी करायला सांगा, ती टाकून द्या, कारण उभं असतानाची लघवी मूत्राशयात उरलेली असते. मग झोप. सकाळी डोळे उघडले की लगेच पहिला डबा भरायचा, घरात फिरून मग नाही. नमुना बिघडतो तो इथेच. दुसरा डबा संध्याकाळी भरा. दोन्हींवर वेळ लिहा आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो मागा. सकाळचा ०.२च्या खाली हवा.

मुग्धा_नाशिक: रिपोर्ट आले. सकाळचा ०.०८, संध्याकाळचा ०.६४. बीपी ११०/७०. रक्त नाही. म्हणजे किडनी ठीक?

डॉ_बालरोग: उभं राहिल्यावरच जातंय, असं दिसतंय. यात बायोप्सी नाही, औषध नाही, मीठही बंद नको. सकाळचा नमुना आणखी एकदा करून खात्री करा, रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मग वर्षातून एकदा सकाळची लघवी आणि बीपी. सकाळच्या नमुन्यातही प्रोटीन आलं, रक्त दिसलं किंवा बीपी वाढलं, तर मात्र किडनीच्या डॉक्टरांकडे.

रानवारा: जवाचं पाणी दिलं तर बिघडतं काय?

धावपटू४२: शुगर नाहीये हो त्याला!

मुग्धा_नाशिक: पण फॉर्मवर 'लघवी नॉर्मल' असा एकच रकाना आहे. २+ वाला रिपोर्ट त्यांच्याकडे गेलाय.

डॉ_बालरोग: तुमच्या डॉक्टरांकडून दोन्ही रिपोर्ट वेळेसकट आणि निदान लिहून जोडा. ते मानतील का, मी सांगू शकत नाही.

सतीश_क: आमच्या भाच्याला सकाळचा नमुना पुन्हा द्यायला लावला होता, तिथेच बसून.