भाच्याकडून नाणं उडवण्याच्या खेळात सतत हरतोय. गणित कुठे चुकतंय?

रिकामटेकडा: मदत हवी आहे. भाचा सुट्टीला आलाय. त्याचा खेळ असा: दोघांनी तीन-तीन फेकींचा एकेक क्रम निवडायचा, मग नाणं उडवत राहायचं, ज्याचा क्रम सलग आधी पडेल तो जिंकला. मी छापा-छापा-काटा घेतो, म्हणजे छछक. तो म्हणतो "मामा, आधी तू निवड", आणि दरवेळी कछछ घेतो. ४० डावांत २९ हरलो. नाणं माझ्याच खिशातलं. दोन्ही क्रमांची शक्यता १/८ ना?

पावशेर: १/८च. नशीब खराब, दुसरं काय. ४०० डाव खेळा, निम्मे-निम्मे होतील.

सांजवारा: ४०० खेळलात तर ३००च्या आसपास हराल. पहिल्या दोन फेकी बघा. दोन्ही छापे पडले तर तुम्ही जिंकलातच, कारण पुढे कधीतरी काटा येणारच आणि छछक पूर्ण होणार. पण सुरुवातीलाच एखादा काटा पडला की संपलं. त्यानंतर पहिल्यांदा लागोपाठ दोन छापे येतील तेव्हा त्यांच्या आधी काटा असणारच. म्हणजे कछछ झालं, तुमचा शेवटचा काटा पडायच्या आत. सुरुवातीला दोन छापे पडायची शक्यता १/४, तेवढाच तुमचा वाटा.

गल्लीचा_कॅप्टन: आमच्याकडे सलग चार टॉस हरलो, म्हणून पाचव्याला हट्टाने छापा मागितला. तोही हरलो!

सांजवारा: कॅप्टन, ते वेगळं. नाण्याला मागचं आठवत नाही. इथे आठवण क्रमाला आहे, अर्धवट जमलेले छापे पुढे कामाला येतात.

निवांत: सोपं आहे हो. छछछ यायला सरासरी १४ फेकी लागतात, कछछला ८. ज्याची सरासरी कमी तो जिंकतो.

रिकामटेकडा: आणि माझ्या छछकची?

निवांत: मोजली. तीही ८च! मग ३:१ कसं?

सांजवारा: सरासरी प्रत्येक क्रमाची एकट्याची असते. शर्यतीत कोण कोणाच्या आड येतो ते तिच्यात दिसत नाही. चार फेकींत तर उलटंच होतं: कछकछची सरासरी २०, छकछछची १८, तरी १४ पैकी ९ वेळा कछकछ आधी येतो.

मामांसाठी युक्ती: समोरच्याच्या मधल्या फेकीच्या उलट पुढे लावा, मग त्याच्या पहिल्या दोन. छछकवर कछछ असंच येतं.

रिकामटेकडा: म्हणजे त्याच्या कछछवर मी ककछ? आणि ककछवर कोण?

सांजवारा: बरोबर, २:१ जिंकाल. ककछला छकक हरवतो, छककला तुमचा छछक. वर्तुळ आहे, सगळ्यांत भारी असा क्रमच नाही. दुसरा निवडणारा फायद्यात.

रिकामटेकडा: आता दोघंही आधी निवडायला तयार नाही. त्यासाठीच नाणं उडवतोय.

निवांत: ते १४ पैकी ९ अजून पचलं नाही. जास्त वेळ लागणारा आधी कसा पोचतो, कोणी आकडे न मांडता सांगेल का?