मदत हवी आहे: वर्कर गोठला आणि उचल दोनदा कापली गेली

कृष्णाकाठ: मंडळी, सांगली भागातल्या दूध संस्थांचं बिलिंग आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. 1, 11 आणि 21 तारखेला पहाटे बिलं निघतात: दुधाचे पैसे जमा, पशुखाद्याची उचल कपात, मग उत्पादकाला एसएमएस. तीन मशीनवर वर्कर आहेत, कामांची यादी पोस्टग्रेसमध्ये. काम उचलताना वर्कर `lease_until` साठ सेकंद पुढची टाकतो. मशीन मेलं की मुदत संपल्यावर दुसरा वर्कर ते उचलतो, इथवर ठीक. या वेळी मात्र एका संस्थेची उचल दोनदा कापली गेली. लॉगमध्ये दिसलं की पहिला वर्कर मेलाच नव्हता. डिस्क अडकल्यामुळे तो दीड मिनिट गप्प होता आणि जागा होऊन पुढे चालू लागला. तोवर दुसऱ्याने काम उरकलं होतं. लोकांचे पैसे आहेत, पक्का उपाय हवा.

मिरजकर: मुदत दहा मिनिटं करा आणि वर्करला ती अधूनमधून वाढवत राहू द्या. आमच्याकडे मग त्रास झाला नाही.

अनुजा_व: त्याने प्रकार कमी होतील, थांबणार नाहीत. शिवाय मशीन खरंच मेलं तर बिल दहा मिनिटं अडकेल. गोठलेल्या वर्करला मुदत संपल्याचं कळतच नाही, म्हणून तपासणी पैसे लिहिले जातात तिथेच हवी. काम उचलताना दर वेळी `attempt` एकने वाढवा, वर्करने तो आकडा जवळ ठेवावा आणि कपातीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये हे चालवावं:

```sql
UPDATE jobs SET status = 'done'
WHERE id = $1 AND attempt = $2;
```

एकही ओळ बदलली नाही तर रोलबॅक. तुमच्या पहिल्या वर्करकडे 1 होता, दुसऱ्याने उचलताना तो 2 झाला. पहिला जागा होऊन 1 शोधेल, सापडणार नाही, त्याची कपात मागे जाईल. कामांची यादी आणि खाती एकाच डेटाबेसमध्ये आहेत म्हणूनच हे इतकं सोपं आहे.

जतकर: आमची द्राक्षबागांना पावसाचे इशारे पाठवणारी सेवा आहे. सर्व्हर रात्रभर बंद होता, सकाळी सुरू झाल्यावर तासातासाचे सगळे इशारे एकदम गेले. मलाही `attempt` लागेल का?

अनुजा_व: नाही, तुमचं दुखणं वेगळं आहे. चुकलेल्या वेळांचं काय करायचं हे कामागणिक ठरवावं लागतं. इशारा फक्त शेवटचा पाठवा. बिल मात्र चुकलेलं प्रत्येक काढावंच लागतं.

कृष्णाकाठ: टेस्टवर कपातीच्या आधी वर्करला `kill -STOP` दिलं, मुदत संपून दुसऱ्याने काम उरकल्यावर `kill -CONT`. पहिल्याची कपात मागे गेली! पण एसएमएसचं काय? तो तर रोलबॅक होत नाही.

अनुजा_व: एसएमएसची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वेगळ्या टेबलात करा, पाठवणारा वर्कर निराळा ठेवा. तरीही पाठवल्यावर, ‘गेला’ असं लिहिण्याआधी तो मेला, तर एसएमएस पुन्हा जाणार. तुमचा संदर्भ क्रमांक पाहून गेटवे दुबार मेसेज अडवतो का?

कृष्णाकाठ: आमचा नाही अडवत.

मिरजकर: मग मेसेजात बिल क्रमांक तरी टाका. दोनदा आला तरी बिल एकच आहे हे उत्पादकाला कळेल.