परत आलेल्या मालावरील व्यापारी सूट

«व्यापारी सूट वह्यांत येतच नाही, मग ती लक्षात ठेवायची कशाला?»

कारण माल परत आला की तीच सूट पुन्हा हिशेबात घ्यावी लागते. बडोद्यात रावपुऱ्यातील एका घाऊक भांडी विक्रेत्याचे हिशेब मी पाहतो, तिथे हा घोटाळा वारंवार दिसतो. जीएसटी बाजूला ठेवून उदाहरण घेऊ. यादीकिमतीने १०,००० रुपयांचा माल १० टक्के व्यापारी सुटीने उधार विकला, तर बिलावर सूट वजा होऊन विक्री पुस्तकात थेट ९,००० रुपयेच लिहिले जातात. पुढे ग्राहकाने यादीकिमतीचा २,००० रुपयांचा माल परत केला, तर जमा चिठ्ठी १,८०० रुपयांचीच निघाली पाहिजे. पण कारकून दरपत्रक पाहून २,००० लिहितो आणि ग्राहकाचे येणे विनाकारण २०० रुपयांनी घटते. ताळेबंद तरीही जुळतो, म्हणून ही चूक तिथे दिसत नाही; ती मूळ बिल आणि जमा चिठ्ठी शेजारी ठेवूनच सापडते.

रोख सुटीचे तसे नाही. १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के ठरले असतील, तर ती उरलेल्या ७,२०० रुपयांवर १४४ रुपये होते आणि पैसे खरोखर मुदतीत आले त्याच दिवशी नोंदवायची: बँक खाते नावे ७,०५६, सूट खाते नावे १४४, ग्राहकाचे खाते जमा ७,२००. विक्रीची रक्कम मात्र बदलत नाही, कारण ही सूट किमतीतली नसून पैसे लवकर मिळाल्याचा खर्च आहे आणि म्हणून ती नफा-तोटा खात्यात वेगळी दिसायला हवी.