वाचन-नोंदवहीला गुण द्यावेत, की नोंदवहीच बंद करावी?

शिक्षिका, कोथरूड: नववीच्या ३६ मुलांना मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी वाचायला दिली आहे. वाचताना उमटलेली प्रतिक्रिया, पडलेला प्रश्न आणि आठवलेला संबंध अशा तीन नोंदी त्यांनी दर आठवड्याला वहीत करायच्या आहेत. तीन आठवड्यांनंतरही निम्म्या वह्यांत केवळ कथेचा सारांश आहे. गुण ठेवले तर मुले मनापासून लिहितील का?

निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ: गुण ठेवलेत, तर सारांशाच्या जागी ‘हे वाचून मला फार वाईट वाटले’ हे वाक्य छत्तीस वेळा वाचावे लागेल. माझा आक्षेप मात्र वहीलाच आहे. माडगूळकरांचे गद्य संथ आहे. त्या माळरानावर वाचकाने काही काळ मुकाट्याने चालावे लागते. दर काही पानांनी पेन उचलायला लावले की मूल पुस्तकाऐवजी स्वतःच्या वाचण्याकडेच पाहू लागते. शिवाय ‘मला जे वाटले तेच बरोबर’ अशी सवय लागते, ती वेगळीच.

अध्यापक, बी.एड. महाविद्यालय: सारांश का येतो, हे आधी पाहू. बहुतेक मुले प्रकरण संपवून, वही देण्याच्या आदल्या रात्री लिहितात. तोवर वाचताना उमटलेले विरून गेलेले असते आणि हाती फक्त घटना उरतात. म्हणून पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे जिथे मूल थबकले ते वाक्य आणि पृष्ठक्रमांक, तर उजवीकडे त्या वाक्यापाशी काय झाले ते. वाचताना पेन्सिलीची बारीक खूण पुरते. लिहिणे त्याच दिवशी, वाचन थांबल्यावर करावे. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या आक्षेपातील अर्धा भाग सुटतो, अर्धा उरतो, हे मान्य.

आमच्या सराव-पाठातील एका मुलीची नोंद सांगतो. नव्या मास्तरला शाळेत मुलेच सापडत नाहीत, त्या भागाजवळ तिने लिहिले होते, ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही.’ आम्ही उत्तर दिले नाही. समासात एवढेच विचारले, ‘मुले त्या वेळी कुठे असतात?’ तिने मागची पाने चाळली आणि ती मेंढरांमागे असतात, हे टिपले. शेवटी दुष्काळाने गाव रिकामे होते, तिथे पोहोचल्यावर तिने जुन्या नोंदीखाली वेगळ्या शाईने लिहिले, ‘मेंढरे जगली तर घर जगते, हे मी तेव्हा पाहिले नव्हते.’ पहिले मत चूक होते म्हणून नव्हे, ते लिहिलेले होते म्हणूनच तिला ते बदललेले दिसले.

‘वाटले तेच बरोबर’ या भीतीबद्दल एवढेच सांगतो की, अमेरिकी साहित्य-अभ्यासक लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्ये वाचकाच्या प्रतिसादाची बाजू मांडली. पण मजकुराशी विसंगत ठरेल किंवा ज्याला मजकुरात आधारच नाही, असा अर्थ त्यांनाही मान्य नव्हता. डावा रकाना त्यासाठीच आहे.

पालक, हडपसर: माझ्या मुलाच्या वहीत ‘संबंध’ या मथळ्याखाली आमच्या गावचा १९७२ चा दुष्काळ, आजोबांची विहीर आणि त्यांचा बैल यांवर दोन पाने आहेत. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. घरच्या आठवणी लिहिणे चूक आहे का? आणि शुद्धलेखनाचे गुण कापतात काय?

अध्यापक, बी.एड. महाविद्यालय: शुद्धलेखन येथे तपासू नये, ते तपासले की मुले सोपीच वाक्ये लिहितात. आठवणीबाबत एकच कसोटी लावतो: आजोबांची विहीर आठवल्यावर मुलगा कादंबरीतल्या त्या वाक्याकडे परत आला का? विहिरीने गाव सोडू दिले नाही आणि बनगरवाडीतल्या लोकांना जावे लागले, एवढे एक वाक्य त्याने जोडले असते तर ती दोन पाने उत्तम ठरली असती. रेघेऐवजी ‘मग कादंबरीत काय वेगळे घडते?’ असे लिहायला हवे होते.

निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ: वेगळ्या शाईची नोंद मला आवडली, हे कबूल करतो. पण आठवड्याला १०८ नोंदींना असे प्रश्न विचारणार कोण? त्या मुलीला समासातल्या प्रश्नाने मागे नेले, नोंदीने नव्हे.

शिक्षिका, कोथरूड: दररोज नऊ वह्या घेतल्या, तर चार दिवसांत सगळ्या होतात; प्रत्येकीतील एकाच नोंदीला प्रश्न विचारीन, आणि ती नोंद मुलानेच खूण करून निवडावी. गुण द्यायचेच झाले, तर जुन्या नोंदीकडे परत येऊन काही जोडले असेल तेवढ्यालाच देईन म्हणते.

निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ: मग चतुर मुले पहिली नोंद मुद्दाम चुकीची लिहून ठेवतील. मी चाळीस वर्षे मुले पाहिली आहेत, बाई.

अध्यापक, बी.एड. महाविद्यालय: याला माझ्याकडे पक्के उत्तर नाही. आमच्याकडे गुण नव्हतेच, आणि सात-आठ वह्या शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या.