सल्ला हवा: डायमंड पिरॅमिड हार्डनेस टेस्टर ब्लॉकवर जास्त दाखवतोय, डायमंड बदलू का?

भट्टीवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे जुना ऑप्टिकल टेस्टर आहे. १० किलो लोडला ठसा पाडायचा, आयपीसमधल्या दोन रेघा ड्रमने ठशाच्या टोकांना टेकवायच्या, कर्ण वाचायचा आणि तक्त्यात आकडा बघायचा, अशी पद्धत. ६४० चा ब्लॉक गेल्या आठवड्यापासून ६६० ते ६६४ दाखवतोय. सर्व्हिसवाला म्हणतो डायमंड गेला, नवा घ्या. खर्च पाहता आधी इथे विचारतो. स्टेज स्केल कपाटात आहे, पण कधी वापरलेली नाही.

मामा_टूलरूम
डायमंडच असणार. आमचाही गेला होता. रॉकवेलवर पीस लावून बघ, तिथे बरोबर आला तर इंडेंटरच दोषी.

सूक्ष्मदर्शिनी
मामा, रॉकवेल हे दुसरंच मशीन. त्याचा डायमंड वेगळा, लोड वेगळा. तिथला आकडा बरोबर आला म्हणून या मशीनचा दोष कुठे आहे ते कळत नाही.

भट्टीवाले, ठशाची चारही टोकं भिंगाखाली पाहा. टवका उडाला असेल तर एखादी धार तुटलेली किंवा टोक बोथट दिसतं. टोकं स्वच्छ असतील तर डायमंड विकत घ्यायची घाई नको. दुसरा ब्लॉक आहे का, मऊ?

भट्टीवाला_भोसरी
टोकं चारही तीक्ष्ण. २४० चा ब्लॉक आहे, तो २४८ दाखवतो.

सूक्ष्मदर्शिनी
छान, मग आकड्यातून बरंच कळतं. HV = 1.8544 × F / d², यात F किलोत आणि d मिलीमीटरमध्ये. १० किलोला ६४० म्हणजे कर्ण १७०.२ मायक्रॉन हवा. तुम्हाला ६६२ मिळतो, म्हणजे तुम्ही १६७.४ वाचताय, २.८ कमी. २४० ला २७८.० हवा, २४८ म्हणजे २७३.४ वाचलात, ४.६ कमी. दोन्हीकडे चूक साधारण १.६५ टक्के. रेघ टेकवण्याची सवय चुकीची असती तर दोन्हीकडे सारखेच मायक्रॉन कमी आले असते आणि मऊ ब्लॉक २४५ च्या आसपास दाखवला असता.

चूक टक्केवारीने येते म्हणजे तीन संशयित उरतात: लोड सुमारे ३.३ टक्के कमी पडतोय, डायमंडचा कोन वेगळा आहे, किंवा मायक्रोस्कोप कमी मोजतोय. कोन आठवड्यात बदलत नाही. उरले दोन, आणि ब्लॉकवर ते दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून स्टेज स्केल. तिथे लोडचा संबंधच नाही.

चाकणकर_मेट
तापमान विसरू नका! आमच्या लॅबला एसी नव्हता, सगळे आकडे हलत होते.

सूक्ष्मदर्शिनी
खोलीचं तापमान नोंदवा, हरकत नाही. पण ३०० मायक्रॉनच्या काचेत १० अंशांनी पडणारा फरक ०.०२ ते ०.०३ मायक्रॉन. इथे आपण पाच मायक्रॉनचा शोध घेतोय.

भट्टीवाला_भोसरी
मोजलं. स्केल १ मिमीची आहे, १०० भाग. १०० मायक्रॉनचे १००.५ आले, २०० चे १९८.७, ३०० चे २९७.२. शंभरला तर अगदी बरोबर आहे की! मग मायक्रोस्कोप ठीक आणि लोडच कमी, बरोबर ना?

सूक्ष्मदर्शिनी
थांबा. १०० ते २०० मध्ये ९८.२ ची वाढ, २०० ते ३०० मध्ये ९८.५. म्हणजे शंभर मायक्रॉनला खरं तर ९८.३ च वाचले जातात, आणि वर प्रत्येक आकड्याला २.१ चिकटलेले आहेत. पहिल्या रेघेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या रेघेच्या उजव्या कडेपर्यंत मोजलंत का?

भट्टीवाला_भोसरी
हो, दोन रेघांच्या मध्ये स्केल पकडली, ठशासारखीच.

सूक्ष्मदर्शिनी
तिथेच गफलत. स्केलवरच्या रेघेला स्वतःची जाडी असते. भाग मोजायचा तो डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत. ठशाला असं करता येत नाही, म्हणून सवयीने सगळे असंच चुकतात. शंभरला दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, नाहीतर तुम्ही उद्या लोडची यंत्रणा उघडून बसला असतात.

पुन्हा करा. स्केलच्या रेघा आयपीसच्या रेघेला समांतर ठेवा आणि ड्रम कायम एकाच बाजूने आणा, मागे गेलात तर पूर्ण मागे जाऊन परत या, म्हणजे बॅकलॅश शिरत नाही. फोकस आणि दिव्याचं डायफ्रॅम ठसा वाचताना ठेवता तसंच. एकच आकडा न घेता पाचेक वेगवेगळे अंतर घ्या, स्केलच्या वेगवेगळ्या भागात. आणि स्केलवर झाकणकाच चिकटवलेली नाही ना ते बघा. खालून प्रकाश टाकण्याची स्केल वरून प्रकाशणाऱ्या मशीनवर धुरकट दिसते.

गार्गी_क्यूसी
ताई, स्केलचंही सर्टिफिकेट पाहायला हवं ना? आमच्याकडे ऑडिटमध्ये पहिला प्रश्न तोच असतो.

सूक्ष्मदर्शिनी
नक्कीच. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचं. त्याशिवाय ही काच म्हणजे फक्त सुंदर काच.

भट्टीवाला_भोसरी
सर्टिफिकेट सापडलं, मुदत संपलेली, नवीन करायला टाकतो. डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत घेतल्यावर १०० ला ९८.४, २०० ला १९६.६, ३०० ला २९५.१. ब्लॉकशी बरोबर जुळतं!

आणि कारणही मिळालं. आयपीसच्या नळीची लॉक रिंग ढिली होती. एकाने काच पुसायला आयपीस काढला होता आणि परत बसवताना नळी दोन-अडीच मिलीमीटर जास्त आत गेली. वर ओढून, स्केलवर जुळवून कसली. आता १०० ला १००.०, २०० ला १९९.८, ३०० ला ३००.१. मग ब्लॉकवर पाच नवे ठसे: ६३८, ६४२, ६४१, ६३९, ६४३.

मामा_टूलरूम
नळी! बरं, आमचं डायमंड मात्र खरंच गेलं होतं. ब्लॉकचा पृष्ठभाग ठशांनी भरला की मी तो घासून परत वापरतो, चालतं ना?

सूक्ष्मदर्शिनी
नाही, मामा. घासला की त्यावरचा आकडा गेला. नवा ठसा जुन्यापासून मध्यापासून मध्यापर्यंत तीन कर्णांइतका तरी लांब हवा, जागा संपली की ब्लॉक संपला.

चाकणकर_मेट
मी नळी हलवली नसती. सरळ १.०१६८ ने गुणून घेतलं असतं, सर्टिफिकेटवर लिहून.

सूक्ष्मदर्शिनी
चालतं, पण रात्रपाळीचा माणूस गुणायचं विसरतो. आणि रिंग ढिलीच राहिली तर उद्या गुणकही बदलतो. तरी तुमची पद्धत कागदावर स्वच्छ आहे, हे मान्य.

भट्टीवाला_भोसरी
रात्रपाळीचा विषय निघालाच तर: तो मुलगा माझ्यापेक्षा प्रत्येक ठसा एक-दीड मायक्रॉन मोठा वाचतो, सगळ्या ब्लॉकवर तेवढाच. त्याची रेघ टोकाच्या बाहेर टेकते. कोण बरोबर?

सूक्ष्मदर्शिनी
तुमच्या ब्लॉकवर संदर्भ ठसा आणि त्याचा कर्ण लिहिलेला असेल तर दोघांनी तोच वाचा, निकाल लागेल. नसेल तर मी पैज लावणार नाही.

गार्गी_क्यूसी
आणि आयपीस नेमका कधी काढला? त्यानंतर गेलेल्या रिपोर्टांचं काय?

भट्टीवाला_भोसरी
तेच शोधतोय. रोजच्या चेकची वही उघडली, तर तीन महिने दररोज ६४० लिहिलंय. अगदी ६४०, ना एक कमी ना एक जास्त. म्हणजे ब्लॉकवरचा आकडा बघून लिहिलाय. ब्लॉकवरचे ठसे मोजत बसलोय, किती दिवस खरंच चेक झाला ते पाहायला. आत्तापर्यंत अकरा सापडले.